कर उतरला, पण घसाऱ्याचे मोलही उतरले

२० सप्टेंबर २०१९ च्या सकाळी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत पत्रकार परिषद घेतली. जीएसटी परिषदेची बैठक त्याच दिवशी गोव्यात होती. बैठकीआधीच त्यांनी जाहीर केले की, ज्या देशी कंपन्या करसवलतींवर पाणी सोडायला तयार असतील, त्यांना ३० टक्क्यांऐवजी २२ टक्के दराने प्राप्तिकर भरता येईल. सरचार्ज आणि सेस धरून मोठ्या कंपन्यांचा कर ३४.९४ टक्क्यांवरून २५.१७ टक्क्यांवर येणार होता. वटहुकूम त्याच दिवशी निघाला आणि सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर गेला.

पुढच्याच महिन्यात अ‍ॅक्सिस बँकेचे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे निकाल आले. बँकेला ११२ कोटी रुपयांचा तोटा झाला होता आणि त्याचे कारण होते हीच करकपात. पुढच्या वर्षांत ज्या वजावटी मिळणार आहेत त्यांनी किती कर वाचेल, याची रक्कम बँकेने जुन्या दराने आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवलेली होती. दर उतरताच त्याच वजावटींनी कमी कर वाचणार हे उघड झाले आणि एकाच तिमाहीत २,१३८ कोटी रुपये कमी करावे लागले. हा एकरकमी फटका नसता, तर त्या तिमाहीत २,०२६ कोटींचा नफा दिसला असता.

कर कमी झाला म्हणून तोटा ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण ती हिशेबातली करामत नव्हे. कंपनीला दोन गोष्टी पुढे यायच्या असतात. एक उत्पन्न, ज्यावर कर लागतो. दुसरी वजावटी, ज्या कर वाचवतात. दर उतरला की उत्पन्न अधिक हाती राहते आणि वजावटी स्वस्त होतात. बँकेच्या ताळेबंदात दुसरी बाजू लख्ख दिसली. कारखान्याच्या प्रकल्पात ती घसाऱ्याच्या पोटात दडलेली असते, म्हणून तिथे ती नजरेतून सुटते. प्रकल्प सुरू होऊन दोन वर्षे झाली आहेत आणि तिसऱ्या वर्षी दर बदलला, असे झाले की नेमके काय होते, ते एका उदाहरणाने पाहू.

घसारा कर कसा वाचवतो

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी आहे असे समजू. कंपनी कल्पनेतली आहे, आकडेही हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत. कराचे नियम मात्र त्या वेळी होते तेच आहेत. एप्रिल २०१७ मध्ये तिने १० कोटी रुपयांची मशिनरी बसवली. कच्चा माल, मजुरी, वीज, देखभाल असा सगळा खर्च वजा जाऊन या मशिनरीतून वर्षाला अडीच कोटी रुपये सुटतात आणि असे आठ वर्षे सुटतील, असा अंदाज आहे.

मशिनचे १० कोटी पहिल्याच दिवशी खिशातून गेले, पण प्राप्तिकर खाते तो सगळा खर्च एकदम मान्य करत नाही. तो घसारा म्हणून वर्षावर्षाने मान्य होतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घसाऱ्याचा दर १५ टक्के आणि तोही घटत्या शिलकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या रकमेच्या १५ टक्के. शिवाय कारखान्याने नवी मशिनरी घेतली की पहिल्या वर्षी आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळत असे. त्यामुळे आपल्या कंपनीला पहिल्या वर्षी ३५ टक्के, म्हणजे साडेतीन कोटींची वजावट मिळाली. उरले साडेसहा कोटी. दुसऱ्या वर्षी त्याचे १५ टक्के, म्हणजे ९७.५ लाख. आता शिल्लक ५५२.५ लाख.

घसाऱ्यासाठी त्या वर्षी कोणाला चेक द्यावा लागत नाही. पण तो उत्पन्नातून वजा होतो, म्हणून तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. १०० रुपये घसारा आणि कराचा दर ३५ टक्के असेल, तर ३५ रुपये वाचले. यालाच टॅक्स शील्ड म्हणतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की घसाऱ्याची रक्कम कायद्यातल्या टक्क्यांनी ठरते, पण त्या घसाऱ्याचे मोल कराच्या दराने ठरते. दर ३५ वरून २५ वर आला की त्याच १०० रुपयांच्या घसाऱ्याने २५ रुपयेच वाचतात.

आता २०१९-२० हे आपल्या प्रकल्पाचे तिसरे वर्ष घ्या. मिळकत २५० लाख आणि घसारा सुमारे ८३ लाख. दर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे २५० लाखांवर २५ लाख वाचले, असे सहज मनात येते. पण ८३ लाखांच्या घसाऱ्याने आधी २९ लाख वाचत होते, आता २१ लाखच वाचतील. खरा फायदा पावणेसतरा लाखांचा. बाकीचे सव्वाआठ लाख घसाऱ्याच्या बाजूने गळाले. पुढचा सगळा हिशेब या एका वर्षाच्या हिशेबाचीच वाढ आहे.

कागदावरचा मूळ प्रकल्प

२०१७ मध्ये संचालक मंडळापुढे हा प्रकल्प आला तेव्हा त्याची निव्वळ वर्तमान किंमत, म्हणजे एनपीव्ही, काढली गेली असणार. त्यामागचा विचार साधा आहे. कंपनीला पैसा उभा करायला सरासरी १२ टक्के खर्च येत असेल, तर पुढच्या वर्षी मिळणारे १०० रुपये आज ८९ रुपयांच्या बरोबरीचे, त्याच्या पुढच्या वर्षीचे ८० रुपयांच्या. पुढे येणारी प्रत्येक रक्कम अशी आजच्या किमतीत आणायची, बेरीज करायची आणि त्यातून गुंतवणूक वजा करायची. शिल्लक शून्याच्या वर राहिली तर प्रकल्प करण्याजोगा.

कराचा दर सोयीसाठी ३५ टक्के धरू. अडीच कोटींतून कर जाऊन वर्षाला १६२.५ लाख उरतात. आठ वर्षांची त्यांची आजची किंमत ८०७ लाख. घसाऱ्याने वाचणाऱ्या कराची आजची किंमत २२२ लाख. दोन्ही मिळून १,०२९ लाख, गुंतवणूक १,००० लाख. एनपीव्ही २९ लाख. प्रकल्प पास झाला, पण काठावर.

इथे घसाऱ्याविषयी एक बारकावा सांगायला हवा. मशिन आठ वर्षांनी भंगारात गेले तरी घसारा तिथे थांबत नाही. प्राप्तिकरात घसारा एकेका मशिनवर नव्हे, तर एकाच दराच्या सगळ्या मशिनरीच्या ब्लॉकवर मिळतो. कंपनीकडे त्या ब्लॉकमध्ये दुसरी मशिन आहेत तोवर जुन्या मशिनची उरलेली शिल्लक ब्लॉकमध्ये राहते आणि तिच्यावर दरवर्षी १५ टक्के चालूच राहतात. भंगाराची किंमत येईल तेवढी ब्लॉकमधून वजा होते. आपण ती शून्य धरली आहे. त्यामुळे घसाऱ्याची ही लांबत जाणारी शेपूट मोजायला एक सोपी युक्ती चालते. उरलेल्या शिलकीला १५ ने गुणायचे आणि १५ अधिक १२, म्हणजे २७ ने भागायचे. पुढच्या सगळ्या घसाऱ्याची त्या दिवशीची किंमत मिळते.

तिसऱ्या वर्षी काय बदलले

घोषणा आर्थिक वर्षाच्या मध्यावर झाली, पण नवा दर लागू झाला १ एप्रिल २०१९ पासूनच्या उत्पन्नाला. म्हणजे तिसरे वर्ष सबंधच्या सबंध नव्या दरात आले. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला भरायचा असतो आणि तोवर वर्षाच्या कराचे ४५ टक्के भरलेले असावे लागतात. कंपन्यांनी ते जुन्या दराच्या अंदाजाने भरले आणि पाचव्या दिवशी दर उतरला. जास्तीची रक्कम डिसेंबरच्या हप्त्यात जुळवून घेता आली. प्रकल्पाच्या हिशेबात मात्र इथे थांबून विचारायला हवे की घोषणा कधी झाली आणि दर कुठल्या वर्षापासून लागू झाला. या दोन तारखांत कधी महिने, तर कधी वर्षे जातात आणि वजावट कुठल्या दराने मोजायची ते दुसरी तारीख ठरवते.

पहिली दोन वर्षे संपली आहेत. त्यांचा कर ३५ टक्क्यांनी भरला गेला आणि त्या वर्षांच्या घसाऱ्याने ३५ टक्क्यांनीच कर वाचवला. त्याला आता हात लावायचा नाही. पुढची सहा वर्षे तेवढी नव्या दराने मांडायची. नवा दर आपण २५ धरू.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी उभे राहून पुढे पाहिले, तर पुढच्या सहा वर्षांच्या करपूर्व मिळकतीची तेव्हाची किंमत १,०२८ लाख भरते. उरलेल्या घसाऱ्याची किंमत वर सांगितलेल्या युक्तीने ५५२.५ गुणिले १५ भागिले २७, म्हणजे ३०७ लाख. दर दहा टक्क्यांनी उतरला आहे. म्हणून मिळकतीच्या बाजूला १०३ लाखांचा लाभ आणि घसाऱ्याच्या बाजूला ३१ लाखांचे नुकसान. निव्वळ लाभ ७२ लाख. हे दोन वर्षे मागे नेऊन २०१७ च्या किमतीत आणले की ५७ लाख होतात. मूळ एनपीव्ही २९ लाख होती, ती आता ८७ लाखांच्या घरात गेली.

सगळा विषय या एका वाक्यात मावतो: दर जितका उतरला, त्याला उरलेल्या मिळकतीची किंमत वजा उरलेल्या वजावटींची किंमत, या फरकाने गुणायचे. मागची वर्षे यात कुठेच येत नाहीत. मूळ गुंतवणूकही येत नाही.

याच नियमातून अतिरिक्त घसाऱ्याचे एक वेगळे महत्त्व कळते. आपल्या कंपनीने पहिल्या दोन वर्षांतच १० कोटींपैकी साडेचार कोटींच्या आसपास, नेमके सांगायचे तर ४४७.५ लाख, जुन्या चढ्या दराने वजा करून घेतले होते. पहिल्या वर्षी तर घसारा मिळकतीपेक्षा एक कोटीने जास्त होता. तो जादाचा एक कोटी कंपनीच्या इतर नफ्यातून वजा झाला आणि त्यावर ३५ लाख वाचले. अतिरिक्त घसारा नसता, तर तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी ७२२.५ लाख शिल्लक राहिले असते आणि दर उतरल्याचे नुकसान ३१ ऐवजी ४० लाख झाले असते. ज्याने वजावट लवकर घेतली, त्याने ती महाग दराने घेतली आणि पुढचे उत्पन्न स्वस्त दरात आणले. कंपनी कर हळूहळू २५ टक्क्यांवर आणण्याचे आश्वासन अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पातच दिले होते. ते गांभीर्याने घेतलेल्या कंपनीला वजावटी पुढे ढकलण्याचे काहीच कारण नव्हते.

`$B$3` ची चूक

प्रकल्पाचा हिशेब हल्ली एक्सेलमध्ये असतो आणि बहुतेक फायलींत कराचा दर एकाच चौकटीत लिहिलेला असतो. समजा ती चौकट B3 आहे. प्रत्येक वर्षाच्या कराच्या सूत्रात `$B$3` लिहिलेले असते. दर बदलला की तिथे ३५ च्या जागी २५ लिहायचे आणि सगळी फाइल क्षणात नवी. सोय मोठी आहे आणि चूक त्या सोयीतच आहे, कारण त्या एका बदलाने होऊन गेलेल्या दोन वर्षांचा करही बदलतो.

आपल्या उदाहरणात असे केले तर एनपीव्ही ९० लाख येते. खरी ८७. तीन लाखांचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण आत पाहिले तर दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकत आहेत. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात ३५ लाख वाचले होते, फाइल २५ दाखवते. म्हणजे दहा लाख कमी. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात ५३ लाख कर भरला होता, फाइल ३८ दाखवते; म्हणजे पंधरा लाखांची बचत, जी कधी झालीच नाही. पहिल्या वर्षी घसारा इतका मोठा नसता, तर चुका एकमेकींना खाऊन टाकत्या ना आणि आकडा खूपच फुगला असता. ओळखायची खूण सोपी आहे: फाइलमधला पहिल्या दोन वर्षांचा कर त्या वर्षांच्या विवरणपत्राशी जुळतो का ते पाहायचे. उपायही सोपा आहे. दर एका चौकटीत न ठेवता प्रत्येक वर्षाखाली वेगळा लिहायचा.

दुसरी चूक याहून महाग पडते. काही फायलींत करोत्तर मिळकत आणि घसाऱ्याची बचत वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. पहिल्या तक्त्यात नवा दर जातो, दुसऱ्यात जुनाच राहतो. मग एनपीव्ही १११ लाख दिसते, खऱ्यापेक्षा २४ लाखांनी जास्त. कागदावर प्रकल्प जितका देखणा दिसतो, तितकी ही चूक शोधायची इच्छा कमी होते.

दरासोबत आलेल्या अटी

२२ टक्क्यांचा दर कोणावर लादला गेला नव्हता. प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ११५बीएएखाली तो निवडायचा होता आणि एकदा निवडला की मागे फिरता येत नव्हते. निवडताना अतिरिक्त घसारा आणि इतर अनेक सवलती सोडाव्या लागत. साधा १५ टक्के घसारा मात्र मिळत राही.

आपल्या कंपनीचा अतिरिक्त घसारा २०१७-१८ मध्येच पूर्ण मिळून गेला होता, म्हणून तिचे काही गेले नाही. पण हीच मशिनरी २०१८-१९ च्या उत्तरार्धात बसवली असती तर? वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की घसारा निम्माच मिळतो आणि अतिरिक्त घसाऱ्याचा राहिलेला अर्धा भाग, म्हणजे १० टक्के, पुढच्या वर्षी मिळतो. ते पुढचे वर्ष २०१९-२०. नवा दर निवडला की त्या वर्षीची एक कोटीची जादा वजावट गेली. ती रक्कम शिलकीत राहून पुढे १५ टक्क्यांनी हळूहळू मिळाली असती, पण उशिरा मिळालेली वजावट कमी मोलाची असते. ज्या कंपन्यांकडे पूर्वी भरलेल्या किमान पर्यायी कराचे, म्हणजे मॅटचे, क्रेडिट साठलेले होते, त्यांना नवा दर घेताच ते वापरता येईनासे झाले. म्हणून अनेक कंपन्यांना आधी क्रेडिट संपवावे आणि मग नव्या दराकडे जावे, असाही विचार करावा लागला. तसे झाले तर दर बदलण्याचे वर्ष तिसरे राहत नाही, चौथे किंवा पाचवे होते आणि हिशेबातला लाभ तेवढा आकसतो.

नवी मशिनरी घ्यायची की नाही, हा प्रश्नही याच तराजूत बसतो. जुन्या दराने आणि अतिरिक्त घसाऱ्यासह १० कोटींच्या मशिनवर २२२ लाखांचा कर वाचत होता. नव्या दराने आणि त्या सवलतीविना १३९ लाखच वाचतो. म्हणजे करानंतरच्या हिशेबात तेच मशिन ८३ लाखांनी महागले. आठ वर्षे अडीच कोटी देणारा प्रकल्प ही महागाई पचवतो, कारण मिळकतीवरचा वाचलेला कर त्याहून मोठा असतो. जेमतेम कमाई देणाऱ्या मशिनला मात्र ती जाचते.

कर्जाचेही शील्ड असते

आतापर्यंत आपण डिस्काउंट रेट १२ टक्केच ठेवला. तोही कराशी बांधलेला असतो हे विसरून चालत नाही. समजा कंपनी निम्मा पैसा १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेते आणि निम्मा भागधारकांचा आहे, ज्यांना साडेसतरा टक्के परतावा हवा आहे. व्याजही उत्पन्नातून वजा होते, म्हणून ३५ टक्के कर असताना १० टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात साडेसहा टक्क्यांना पडते. सरासरी बरोबर १२ टक्के येते. कर २५ टक्क्यांवर आला की तेच कर्ज साडेसात टक्क्यांना पडते आणि सरासरी साडेबारा टक्के होते.

अर्धा टक्का क्षुल्लक वाटतो. पण साडेबारा टक्क्यांनी मोजले, तर तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी दिसणारा ७२ लाखांचा लाभ ६० लाखांवर येतो. घसाऱ्याचे मोल कमी झाले, तसे व्याजाचेही झाले. कर्जावर उभ्या असलेल्या प्रकल्पात हा परिणाम आणखी मोठा असतो. २०१९ च्या त्याच काळात रिझर्व्ह बँक रेपो दर खाली आणत होती, त्यामुळे अनेकांच्या हिशेबात हे झाकले गेले. व्याजदर कमी होण्याचा आणि कर कमी होण्याचा परिणाम उलट दिशेने चालतो, म्हणून दोन्ही वेगळे मोजायला हवेत.

कर उतरूनही नुकसान कधी

२०१९ हे वाहन उद्योगाला मंदीचे वर्ष होते. चाकण, भोसरी, पिंपरीच्या पट्ट्यात सुट्या भागांची मागणी आटली आणि कारखान्यांत कामाचे दिवस कमी झाले. आपल्या कल्पनेतल्या कंपनीच्या ऑर्डरी अशाच आटल्या आणि मशिनरीतून अडीच कोटींऐवजी वर्षाला ५० लाखच सुटू लागले, असे धरू. पुढच्या सहा वर्षांच्या या मिळकतीची किंमत २०६ लाख. उरलेल्या घसाऱ्याची किंमत मात्र तीच, ३०७ लाख. वजावट मिळकतीपेक्षा मोठी झाली. आता कर दहा टक्क्यांनी उतरला की या मशिनरीपुरते दहा लाखांचे नुकसान होते. इतर नफ्यावरचा कर वाचवणे हेच या मशिनचे मुख्य काम उरले होते आणि त्याच कामाचा भाव पडला.

असे प्रकल्प ओळखता येतात. मोठी गुंतवणूक नुकतीच झालेली, घसारा पुढे बराच बाकी, आणि उत्पन्न एक तर कमी, नाही तर करसवलतीमुळे करमुक्त. जुने तोटे पुढे ओढणाऱ्या कंपन्याही याच रांगेत बसतात.

ब्रिटनने हाच प्रश्न उलट बाजूने पाहिला. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनाक यांनी जाहीर केले की कंपनी कर एप्रिल २०२३ पासून १९ वरून २५ टक्क्यांवर जाईल. दोन वर्षे आधी सांगितल्याने एक अडचण उभी राहणार होती. आज मशिन घेतले तर वजावट १९ टक्क्यांनी कर वाचवते. दोन वर्षे थांबले तर तीच वजावट २५ टक्क्यांनी वाचवते. मग कंपन्या खरेदी पुढे ढकलणार. ती ढकलली जाऊ नये म्हणून मधल्या दोन वर्षांत नव्या यंत्रसामग्रीवर खर्चाच्या १३० टक्के वजावट देऊ केली. १३० चे १९ टक्के म्हणजे २४.७. जवळजवळ २५. म्हणजे आज घेतले काय आणि थांबून घेतले काय, वजावटीचे मोल सारखेच राहील, असा आकडा निवडला होता. घसाऱ्याचे मोल दराने ठरते, हे तत्त्व तिथे थेट धोरणात उतरलेले दिसते.

श्रेय कोणाचे

मोठ्या कंपन्यांत प्रकल्प सुरू झाल्यावर काही वर्षांनी त्याचा फेरआढावा घेतला जातो. चाकणच्या प्रकल्पाची एनपीव्ही मंजुरीच्या वेळी २९ लाख होती आणि आढाव्यात ८७ लाख दिसली, तर अंदाज बरोबर ठरला, प्रकल्पप्रमुखाने काम चोख केले, असा निष्कर्ष निघेल. पण त्यातले ५७ लाख दिल्लीतल्या एका निर्णयाने आले आहेत. मशिनरी अंदाजाइतकीच चालली आहे, एक रुपयाही जास्त कमावलेली नाही. याच जोरावर तशीच दुसरी लाइन टाकायचे ठरले, तर तिला ना जुन्या दराने घेतलेला अतिरिक्त घसारा मिळेल, ना दर पुन्हा दहा टक्क्यांनी उतरेल.

म्हणून आढाव्याच्या कागदावर दोन आकडे वेगळे लिहायला हवेत: कराचा दर मंजुरीच्या वेळचाच धरून येणारी एनपीव्ही आणि दर बदलल्याने पडलेली भर किंवा घट. दुसऱ्या आकड्याचेही दोन भाग करावेत, मिळकतीवर वाचलेला कर आणि घसाऱ्यावर गमावलेला. संचालकांना, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि भागधारकांना पुढच्या गुंतवणुकीचा निर्णय पहिल्या आकड्यावर घ्यायचा आहे. तो शून्याच्या वर असेल, तरच प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा आहे.